'योग्य ती कार्यवाही' : एका पत्रवाक्याची परंपरा आणि तिचा पर्याय

कार्यालयीन पत्राच्या अखेरीस येणारे 'कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती' हे वाक्य आज इतके अंगवळणी पडले आहे की, ते मूळचे मराठी नाही याची जाणीवही सहसा होत नाही. 'काइन्डली डू द नीडफुल' या इंग्रजी वाक्याचा तो जवळजवळ शब्दशः उतारा होय. त्याचा जोडीदार जो 'रिस्पेक्टेड सर', तो मात्र भाषांतराच्या वाटेला न जाता कित्येक मराठी पत्रांतही देवनागरी वेष धारण करून तसाच राहिला. ही दोन वाक्ये जुनाट झाली, म्हणून त्यांच्या जागी काही आधुनिक व आपुलकीचे शब्द योजावेत, अशी सूचना वारंवार होत असते. सूचना रास्त आहे. परंतु ही वाक्ये कोणते काम करण्यासाठी आली व ते काम आता उरले आहे काय, याचा निर्णय केल्याखेरीज केवळ शब्दांची अदलाबदल केल्याने काही साधत नाही.

मराठी पत्रलेखनास शिष्टाचाराची उणीव कधीच नव्हती. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांत पत्राच्या मायन्यांचा विचार आढळतो, आणि मराठेशाहीत चिटणिसांच्या दप्तरात तर मायना हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले होते. बरोबरीच्या माणसास 'राजमान्य राजश्री', धन्यास 'स्वामींचे सेवेसी', सेवकाची 'विज्ञापना', समानाची 'विनंती', राजाची 'आज्ञा' असा हा व्यवहार होता. पत्राची पहिली ओळ वाचताच लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि त्या दोघांत अंतर किती, हे उलगडत असे. त्यानंतर 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे' हा कुशलाचा भाग आणि मग 'विशेष' हा शब्द येई. हा 'विशेष' ध्यानात घेण्यासारखा आहे. शिष्टाचार येथे संपला व मजकूर येथे सुरू झाला, अशी ती स्पष्ट सीमा होती. खाजगी पत्रांत पुढे रूढ झालेल्या 'सा. न. वि. वि.' या अक्षरांतील शेवटचा 'वि.' तोच.

या सीमेच्या अलीकडे कितीही अलंकार असले, तरी पलीकडचा मजकूर बहुधा नेमका असे. कोणत्या गावचा वसूल, कोणाचे वतन, किती स्वार, कोठे पाठवावयाचे, हे लिहावेच लागे. कारण पत्र पोहोचण्यास दिवस लागत आणि खुलासा मागवावयाचा तर तेवढेच दिवस पुन्हा जात. सारे लिहून झाल्यावर 'बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा' असे म्हणून लेखक थांबे. वाचणाऱ्याच्या शहाणपणावर टाकलेला हा विश्वास वरवर पाहता 'योग्य ती कार्यवाही' या वाक्याचाच पूर्वज वाटेल. भेद एवढाच की, येथे तो मजकुरानंतर येतो, मजकुराऐवजी येत नाही.

'नीडफुल' या शब्दाची इंग्रजीतील कथाही थोडी अशीच आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत 'डू द नीडफुल' हा वाक्प्रयोग ब्रिटनमध्ये सामान्य व्यवहारातला होता. बोलीत तर 'द नीडफुल' म्हणजे रोख पैसा, असाही अर्थ रूढ होता. ज्यांचा परस्परांशी नित्याचा व्यवहार आहे अशा दोन माणसांत, हुंडी किंवा माल यांसंबंधी लिहिताना, काय आवश्यक आहे ते दोघांसही ठाऊक असे. तेथे हे वाक्य संदिग्ध नव्हे, संक्षिप्त होते.

१८१८ साली पेशवाई संपून मुंबई इलाख्याचा कारभार इंग्रजी वळणावर गेला, तेव्हा पत्राचा साचा पालटला. पदक्रमाची जाणीव मात्र पालटली नाही. 'आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबिडिअन्ट सर्व्हन्ट' या शेवटाने कृतानेक साष्टांग नमस्काराची जागा भरून काढली. इंग्रजीतील साधे 'सर' हे हाताखालच्या एतद्देशीय लेखकास कोरडे वाटले असल्यास नवल नाही. ज्याच्या कानात 'मेहेरबान' आणि 'हुजूर' घुमत आहेत, तो त्या 'सर'पूर्वी एखादे विशेषण जोडणारच. 'रिस्पेक्टेड' हे विशेषण इंग्रजी असले, तरी त्याची गरज मायन्याच्या परंपरेतील आहे.

'योग्य ती कार्यवाही' हे वाक्य येथे टिकले, याचे कारणही या संबंधातच शोधले पाहिजे. कारकुनाने साहेबास किंवा अर्जदाराने मामलेदारास 'अमुक करा' असे लिहिणे उद्धटपणाचे ठरे. काय योग्य ते ठरविण्याचा अधिकार वरिष्ठाचा. अर्जदाराने केवळ गाऱ्हाणे मांडावयाचे आणि हात जोडून उभे राहावयाचे. त्यातच लिहिणाऱ्याची सोयही होती. काय करावयाचे ते सांगितलेच नाही, तर चुकीचे सांगितल्याचा दोषही येत नाही. विनय आणि जबाबदारी टाळणे ही दोन्ही कामे एकाच वाक्याने होऊ लागली, आणि ब्रिटनमध्ये वाक्प्रयोग मागे पडला तरी येथे तो घट्ट रुजला.

ब्रिटनमधील सरकारी भाषेची झाडाझडती दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. ट्रेझरी खात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले व त्याची एकत्रित आवृत्ती १९५४ साली निघाली. साचेबंद शब्द वगळून वाचणाऱ्याच्या जागी स्वतःस कल्पून लिहावे, हा त्याच्या उपदेशाचा गाभा. महाराष्ट्रात याच सुमारास प्रश्न निराळा होता. १९६० साली राज्याची स्थापना झाली व भाषा संचालनालय सुरू झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, आणि इंग्रजीतून चालणारा प्रचंड व्यवहार त्वरेने मराठीत आणणे प्राप्त झाले. अशा वेळी प्रत्येक इंग्रजी वाक्यास मराठी प्रतिवाक्य पुरविणे हाच मार्ग सुचणे स्वाभाविक होते. परंतु त्यामुळे भाषा बदलली आणि पत्र तेच राहिले. 'सर' चे 'महोदय', 'युवर्स फेथफुली' चे 'आपला विश्वासू', 'नीडफुल' ची 'योग्य ती कार्यवाही', आणि कर्त्यावाचून चालणारी 'कळविण्यात येते', 'करण्यात यावी' ही क्रियापदे या मार्गाने स्थिरावली. शासनाच्या आज्ञेवरून लिहिणाऱ्या सचिवाच्या तोंडी 'कळविण्यात येते' हे शोभते, कारण बोलणारा तो स्वतः नसतो. एखादा विद्यार्थी जेव्हा स्वतःच्या शिष्यवृत्तीविषयी तसेच लिहितो, तेव्हा तो नकळत सरकारचे सोंग घेत असतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यास पर्यायाचे स्वरूप स्पष्ट होईल. इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने अभिलेखागारास धाडावयाच्या पत्राचा पुढील नमुना या वर्गातील असंख्य पत्रांसारखा आहे : 'रिस्पेक्टेड सर, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की, मला माझ्या प्रबंधासाठी आपल्या दप्तरातील जुनी कागदपत्रे पाहावयाची आहेत. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.' या पत्रात चार वेळा आदर व्यक्त झाला आहे, आणि अधिकाऱ्याच्या हाती काहीच पडलेले नाही. कोणत्या तालुक्याचे, कोणत्या काळाचे कागद, किती रुमाल, कोणत्या दिवशी, नुसते वाचावयाचे की प्रती हव्यात, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. परिणामी पत्र परत येते किंवा पडून राहते. शिवाय अधिकारी स्त्री असल्यास तो आरंभीचा आदरही चुकीच्या पत्त्यावर जातो.

तेच पत्र असे लिहिता येईल : 'माननीय अभिलेखाधिकारी यांस, नमस्कार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जुन्नर तालुक्याच्या इनामांवर मी प्रबंध लिहीत आहे. सोबतच्या यादीतील सहा रुमाल मला १० ते १४ जून या दिवसांत वाचनकक्षात पाहावयास मिळावेत, अशी विनंती आहे. मी केवळ टिपणे घेणार असून प्रती नकोत. विभागप्रमुखांचे शिफारसपत्र जोडले आहे. एखादा रुमाल जीर्ण असल्यामुळे देता येण्याजोगा नसेल, तर तसे कळवावे. मी यादीतील पुढचा मागेन. हे रुमाल काढून ठेवण्याच्या श्रमाबद्दल मी आभारी आहे.'

दुसरे पत्र पहिल्यापेक्षा लांब आहे, हे मान्य केले पाहिजे. आधुनिक म्हणजे आखूड असे समीकरण येथे लागू पडत नाही. त्यातील आपुलकी विशेषणांत नाही. कागद जीर्ण असू शकतो हे लेखकाने ओळखले, नकार देण्यास वाट ठेवली, आणि मोघम 'धन्यवाद' न म्हणता विशिष्ट श्रमाचा उल्लेख केला, यांत ती आहे. वाचणाऱ्याचे काम लेखकास दिसले आहे, एवढे त्यावरून कळते. साचेबंद वाक्य ओळखण्याची खूणही या दोन पत्रांच्या तुलनेतून मिळते : ते वाक्य खोडून पाहावे. पहिल्या पत्रातील शेवटचे वाक्य खोडले, तरी अधिकाऱ्याच्या माहितीत तिळमात्र घट होत नाही. दुसऱ्या पत्रातील एकही वाक्य असे खोडता येत नाही.

संबोधनाच्या बाबतीत मात्र इंग्रजीचा नवा पर्याय मराठीत जसाच्या तसा उतरत नाही. इंग्रजी पत्रात 'रिस्पेक्टेड सर' च्या जागी 'डिअर' आणि पुढे पदवीसह आडनाव एवढे पुरते. कारण तेथे 'डिअर' या शब्दातील प्रेम केव्हाच झिजून गेले आहे. मराठी 'प्रिय' झिजलेला नाही. अर्धशासकीय पत्रात वरिष्ठ किंवा समपदस्थ अधिकारी 'प्रिय श्री.' असे लिहितो ते चालते. विद्यार्थ्याने प्राध्यापकास 'प्रिय' म्हणणे लाडीकपणाचे किंवा आगाऊपणाचे वाटेल. येथे नाव अथवा पद घालून 'माननीय' आणि 'नमस्कार' हेच स्वाभाविक ठरते. आदरार्थी बहुवचन तर भाषेच्या व्याकरणातच आहे, ते टाकण्याचे प्रयोजन नाही.

ज्या संबंधातून 'योग्य ती कार्यवाही' जन्मली, तो कायद्यापुरता तरी पालटला आहे. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने अर्जदारावर हव्या असलेल्या माहितीचा तपशील देण्याचे बंधन घातले. ती का हवी, हे सांगण्याचे बंधन मात्र घातले नाही. उत्तरास सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मर्यादा आहे. याचना केली नाही तरी चालते. तपशील दिला नाही तर चालत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांनाही मुदत लावली. अशा अर्जात 'योग्य ती' हा शब्द केवळ जुना नव्हे, अर्जदारास घातक आहे; कारण न मागितलेल्या गोष्टीच्या नकारावर अपील कसे करावयाचे?

तथापि या वाक्याचे सर्वच अवतार टाकाऊ नाहीत. उपाय कोणता ते लेखकास खरोखरीच ठाऊक नसेल, तर अडचण तपशीलवार सांगून 'यासाठी कोणता अर्ज, कोणाकडे करावा लागेल?' असा सरळ प्रश्न विचारणे बरे. आणि पत्राच्या तळाशी प्रती पाठविताना एका नावापुढे 'माहितीसाठी' व दुसऱ्यापुढे 'कार्यवाहीसाठी' असे जे लिहितात, ते तर अवश्य राहावे. काय करावयाचे ते वर मजकुरात आलेलेच असते. कोणी करावयाचे, एवढेच हा शब्द सांगतो.