हिरवा टोमॅटो, हिरवा बटाटा : आकडा एकीकडे, विष दुसरीकडे

जाधववाडीच्या बाजारातून आणलेल्या टोमॅटोत दोन-चार कच्चे हिरवे निघाले, की आमच्याकडे त्यांची शेंगदाणे घालून चटणी होते. परवा रूममेटने विचारलं, "हिरव्या बटाट्यात सोलानिन असतं ना? मग हे कसं खायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र इतिहासातून जातं.

सोलानिन आधी सापडलं. 1820 मध्ये डेफॉस या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने ते कामोणीच्या फळांतून वेगळं केलं. पुढे ते बटाट्यातही मिळालं. टोमॅटो त्याच कुळातला, म्हणून त्यातही तेच असणार असं लोक धरून चालले.

1940 च्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात फॉन्टेन, अर्व्हिंग आणि सहकारी टोमॅटोच्या झाडातला बुरशीरोधक पदार्थ शोधत होते. विष शोधणं हा त्यांचा हेतूच नव्हता. हाती आलं ते टोमॅटिन. सोलानिनसारखाच साखर जोडलेला अल्कलॉइड, पण गाभा वेगळा, आणि साखरेचे घटक तीनऐवजी चार.

आता आकडे बघा. बटाट्यात असे अल्कलॉइड एका किलोला 200 मिलिग्रॅमपर्यंत असले तर चालतात, असं साधारण मानलं जातं. अगदी कोवळ्या हिरव्या टोमॅटोत टोमॅटिन किलोला 500 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे 100 ग्रॅमला बटाट्यातून 20 आणि टोमॅटोतून 50! नुसता आकडा पाहिला तर चटणी फेकून द्यावी लागेल. (मीही पहिल्यांदा इथेच अडकलो होतो.)

फरक पोटात पडतो. टोमॅटिन आतड्यात कोलेस्टेरॉलला चिकटून न विरघळणारा साका बनवतं, आणि त्याचा बराच भाग तसाच बाहेर पडतो. मेंडेल फ्रीडमन यांच्या गटाने हॅमस्टरांना हिरवे टोमॅटो खाऊ घातले, तेव्हा प्राणी आजारी पडले नाहीत, उलट त्यांचं 'वाईट' कोलेस्टेरॉल उतरलं. अर्थात हॅमस्टर म्हणजे माणूस नव्हे. पण पेरूच्या अँडीज भागात चेरी टोमॅटोची एक कडू जात आहे. तिच्या पिकलेल्या फळातही टोमॅटिन भरपूर राहतं, आणि तिथले लोक ती खातात. बटाट्याचं तसं नाही. शाळेत जुने बटाटे खाऊन 78 मुलं आजारी पडल्याचा लंडनचा अहवाल 1979 मध्ये छापून आला.

हिरवेपणाचाही अर्थ दोन्हीकडे एक नाही. टोमॅटो हिरवा असतो कारण तो पिकलेला नसतो, आणि पिकताना टोमॅटिन किलोला 5 मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. बटाटा हिरवा होतो उजेडामुळे. तो हिरवा रंग निरुपद्रवी हरितद्रव्याचा, पण तोच उजेड सोलानिनही वाढवतो, आणि उकडून ते जात नाही. म्हणून हिरवा, कडू बटाटा टाकायचा.

चटणीला पूर्ण वाढलेले हिरवे टोमॅटो घ्या. पानं-देठ काढा, आणि चव कडवट लागली तर थांबा. रूममेटने त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.