विलीनीकरण, अधिग्रहण आणि सिनर्जी

दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा त्या व्यवहाराचे कायदेशीर रूप दोनपैकी एक असते. एका कंपनीचे अस्तित्व दुसरीत मिसळले किंवा दोघी मिळून तिसरी कंपनी उभी राहिली, तर ते विलीनीकरण. एकीने दुसरीचे शेअर विकत घेऊन ताबा मिळवला, पण विकली गेलेली कंपनी वेगळी नोंदलेली राहिली, तर ते अधिग्रहण. एकाच व्यवहारात दोन्ही टप्पे येऊ शकतात. दिवाळखोरी संहितेखाली विक्रीला निघालेली भूषण स्टील टाटा स्टीलने २०१८ मध्ये ताब्यात घेतली, हे अधिग्रहण झाले. तीच कंपनी २०२१ मध्ये टाटा स्टीलमध्ये मिसळली, तेव्हा विलीनीकरण झाले.

व्यूहरचनेच्या दृष्टीने मात्र रूपापेक्षा दिशा महत्त्वाची असते. आपल्याच पायरीवरचा, तोच माल बनवणारा व्यवसाय घेणे म्हणजे क्षैतिज एकात्मीकरण. पोलादवाल्याने दुसरा पोलाद कारखाना घ्यावा, तसे. आपल्या मागची किंवा पुढची पायरी घेणे म्हणजे उभे एकात्मीकरण. पोलादवाला लोहखनिजाच्या खाणीकडे गेला तर तो मागे गेला, पत्र्यावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्याकडे गेला तर पुढे.

या दोन्हींचे समर्थन ‘सिनर्जी’ या शब्दाने केले जाते. वेगवेगळ्या असताना दोन्ही कंपन्यांची जी किंमत होती, तिच्या बेरजेपेक्षा एकत्र आल्यावरची किंमत जितकी जास्त भरेल, तितकी सिनर्जी. या व्याख्येत एक अट दडलेली आहे आणि अभ्यासक्रमातल्या प्रश्नांची उत्तरे लिहिताना नेमकी तीच सुटते. जो फायदा कंपनीने एकटीने, विक्रीशिवायही मिळवला असता, तो सिनर्जीत धरता येत नाही.

टाटा स्टीलने २००७ मध्ये घेतलेल्या कोरस कंपनीचे उदाहरण या कसोटीसाठी फार उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही दिशा एकाच वेळी होत्या. ब्रिटिश स्टील आणि हॉलंडची होगोवेन्स यांच्या विलीनीकरणातून १९९९ मध्ये कोरस जन्मली होती. वेल्समधले पोर्ट टॅलबट आणि हॉलंडमधले आयमाउडेन हे तिचे मोठे कारखाने. तिचे वार्षिक उत्पादन सुमारे १८० लाख टन होते, तर टाटा स्टीलच्या जमशेदपूर कारखान्याचे सुमारे ५० लाख टन. लहानाने मोठ्याला घेतले, याचे तेव्हा मुंबईच्या बाजारात कौतुकही झाले आणि धास्तीही वाटली.

टाटांची पहिली बोली ऑक्टोबर २००६ मध्ये शेअरमागे ४५५ पेन्सची होती. ब्राझीलची सीएसएन ही कंपनी स्पर्धेत उतरली आणि प्रकरण लिलावावर गेले. ३१ जानेवारी २००७ रोजी सीएसएनच्या ६०३ पेन्सपुढे टाटांची ६०८ पेन्सची बोली जिंकली. एकूण किंमत सुमारे ६२० कोटी पौंड झाली.

या आकड्यातले अधिमूल्य वेगळे काढून पाहावे. बोलीआधीच्या वर्षभरात कोरसच्या शेअरचा सरासरी भाव ३६० पेन्सच्या आसपास होता. म्हणजे प्रत्येक शेअरमागे सुमारे २४८ पेन्स जास्त मोजले गेले. सुमारे १०२ कोटी शेअर धरले तर ही जादा रक्कम अंदाजे २५० कोटी पौंड, तेव्हाच्या दराने जवळपास ४९० कोटी डॉलर होते. उलट बाजूला, टाटा स्टीलने जाहीर केलेली अपेक्षित सिनर्जी वर्षाला सुमारे ४५ कोटी डॉलरची होती आणि तीही तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण मिळायची होती. अशा जोखमीच्या पैशावर दहा टक्के परतावा मागितला, तर कायम मिळणाऱ्या ४५ कोटींचे आजचे मोल ४५० कोटी होते. पहिल्या दिवसापासून पूर्ण सिनर्जी मिळाली, ती कधीच थांबली नाही आणि तिच्यावर एक पैसाही कर लागला नाही, असे मानूनही अधिमूल्य भरून निघत नव्हते. बाजारभावात कोरसची खरी किंमत उतरलीच नव्हती असे कोणी म्हणू शकेल; पण मग तो युक्तिवाद स्वस्त खरेदीचा झाला, सिनर्जीचा नव्हे.

सिनर्जी यायची कुठून, हा पुढचा प्रश्न. क्षैतिज बाजूला फार काही नव्हते. क्षैतिज बचत होते ती एकमेकांवर चढलेले काम काढून टाकल्याने: एकाच बाजारासाठी चालणाऱ्या दोन गिरण्यांतली एक बंद करणे, दोन विक्री कार्यालयांचे एक करणे. जमशेदपूरचा माल भारतात खपत होता आणि पोर्ट टॅलबटचा युरोपात. बंद करण्याजोगे दुहेरी काम फारसे नव्हतेच. एकत्रित खरेदी आणि तंत्रज्ञानाची देवाणघेवाण एवढेच उरत होते. शिवाय कोरसने २००३ पासून स्वतःचा खर्चकपातीचा कार्यक्रम चालवला होता, त्यातून येणारी बचत टाटांच्या नावावर मांडता येत नाही.

उभी बाजू अधिक आकर्षक होती. टाटा स्टीलकडे स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी होत्या, कोरस मात्र खनिज बाजारातून विकत घेत होती. खनिज जहाजाने युरोपात नेण्यापेक्षा ते भारतातच वितळवून त्याच्या स्लॅब, म्हणजे पोलादाच्या जाड लाद्या, पाठवायच्या आणि युरोपातल्या गिरण्यांनी त्यांचा मोटारी-डब्यांसाठी पत्रा करायचा, असा दूरचा आराखडा होता. त्यासाठी भारतात देशी गरजेपेक्षा जास्त पोलाद हवे होते आणि ते नव्या कारखान्यांतूनच येणार होते. ओडिशातल्या कलिंगनगरच्या कारखान्याचा करार २००४ मध्ये झाला होता. पण २ जानेवारी २००६ रोजी जमिनीवरून विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तेरा आदिवासींचे प्राण गेले. काम लांबले आणि कारखान्याचा ३० लाख टनांचा पहिला टप्पा २०१५ च्या अखेरीस उभा राहिला. कोरसचा व्यवहार पूर्ण झाला तेव्हा या आराखड्यातली मधली कडी जागेवर नव्हती, आणि पुढची आठ वर्षे नव्हती.

दरम्यान २००८ च्या मंदीत युरोपातली मागणी कोसळली. खरेदीसाठी काढलेल्या मोठ्या कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. कोरसचा टीसाइडचा कारखाना २०११ मध्ये थायलंडच्या एसएसआयला विकला गेला. २०१६ मध्ये स्कन्थॉर्पसह लांब मालाचा विभाग एका पौंडाच्या नाममात्र किमतीला गेला.

यानंतर टाटांनी जर्मनीच्या थायसेनक्रुपशी युरोपातील व्यवसायाची संयुक्त कंपनी करायचे ठरवले. इथे क्षैतिज सिनर्जी खरोखरच होती, कारण दोघे एकाच बाजारात तोच माल विकत होते. पण त्याच कारणाने जून २०१९ मध्ये युरोपियन आयोगाने परवानगी नाकारली. डब्यांसाठीचे पोलाद आणि मोटारींसाठीचा जस्त मुलाम्याचा पत्रा यांत स्पर्धा घटून भाव वाढतील, असे आयोगाचे म्हणणे होते. क्षैतिज एकात्मीकरणाची ही अंगभूत अडचण आहे. काम जितके एकमेकांवर चढलेले, तितकी बचत मोठी आणि तितकीच स्पर्धा नियामकाची हरकतही.

भूषण स्टीलचा व्यवहार कोरसच्या व्यवहाराशेजारी ठेवावा. कर्जदात्या बँकांना सुमारे ३५,२०० कोटी रुपये देऊन घेतलेला ओडिशातल्या अंगुळचा ५६ लाख टनांचा कारखाना आधीच उभा होता. त्याच्याकडे स्वतःच्या खाणी नव्हत्या आणि टाटांच्या खाणी त्याच भूभागात होत्या. खनिज समुद्रापार न्यायचे नव्हते, नव्या जमिनीचीही वाट पाहायची नव्हती.

कोरसकडून आलेल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी मात्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. तिच्या जागी भंगारावर चालणारी ३० लाख टनांची विद्युत भट्टी उभारली जात आहे. तोवर तिथल्या गिरण्यांना माल पुरवण्यासाठी टाटांच्या हॉलंड आणि भारतातल्या कारखान्यांचा आधार ठेवला आहे.