शेवटच्या प्रतीची किंमत : कूर्नो आणि 'सीमांत' खर्च

अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'सीमांत खर्च' या संज्ञेची व्याख्या साधारणपणे एका ओळीत आटोपते : उत्पादन एका नगाने वाढवले असता एकूण खर्चात होणारी वाढ म्हणजे सीमांत खर्च. ही व्याख्या चुकीची नाही. पण तिच्यात 'सीमा' हा शब्द ज्या अर्थाने यायला हवा, त्या अर्थाने तो येत नाही. गणितात सीमा म्हणजे एखादी राशी जिच्याकडे हवे तितके जवळ सरकत जाते ते मूल्य. खर्चाच्या विचारात ही दुसरी सीमा प्रथम आणली ती आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने, १८३८ साली. संपत्तीच्या सिद्धान्ताची गणिती तत्त्वे शोधणारे त्याचे छोटेखानी पुस्तक त्या वर्षी पॅरिसमध्ये निघाले आणि जवळजवळ कोणीही ते वाचले नाही.

कूर्नोच्या आधीही माणसे खर्चाचा विचार करतच होती. पण व्यापाऱ्याच्या वहीत जो आकडा सहज हाती लागतो तो सरासरीचा : एकूण खर्च भागिले नग. कूर्नोने प्रश्नच बदलला. त्याने खर्चाला उत्पादनाच्या परिमाणाचे फलन मानले, त्याला φ(D) असे चिन्ह दिले, आणि मग φ च्या ऐवजी त्याच्या विकलजाकडे, φ′(D) कडे, लक्ष वळवले. 'सीमांत खर्च' हे नाव त्याच्या पुस्तकात नाही. वस्तू मात्र संपूर्ण आहे.

ती नेमकी काय आहे हे पाहण्यासाठी साहित्याच्या वाचकांना परिचित असलेला एक व्यवसाय घेऊ. समजा, एका प्रकाशकाचा पुस्तकाच्या आवृत्तीचा खर्च रुपयांत असा आहे (आकडे सोयीसाठी कल्पिलेले) :

C(q) = 30000 + 20q + 0.01q²

येथे q म्हणजे प्रतींची संख्या. पहिली रक्कम अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाची. एक प्रत काढा वा हजार, ती तेवढीच. दुसरी कागद आणि छपाईची. तिसरी पद्धतशीरपणे वाढणारी : आवृत्ती मोठी होत गेली की बांधणीसाठी जादा वेळ, साठवणुकीसाठी जादा जागा. हजार प्रतींचा खर्च ६०,००० रुपये, म्हणजे सरासरी प्रतीमागे ६० रुपये.

आता हजारांच्या पुढे शंभर प्रती जास्त काढल्या तर खर्च ४,१०० रुपयांनी वाढतो. दर जादा प्रतीमागे ४१ रुपये. दहाच प्रती वाढवल्या तर वाढ ४०१ रुपये, प्रतीमागे ४०.१०. एकच वाढवली तर ४०.०१. उलट दिशेने, दहा प्रती कमी केल्या तर ३९९ रुपये वाचतात, म्हणजे प्रतीमागे ३९.९०. पाऊल लहान होत जाते तसे दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मूल्याकडे, ४० कडे, सरकतात. ते ४० म्हणजे सीमांत खर्च. एका प्रतीचे ४०.०१ हे त्याचे निकटमूल्य आहे, तो स्वतः नव्हे.

सरासरी ६० आणि सीमांत ४०, यांतला फरक केवळ पुस्तकी नाही. एखादे ग्रंथालय प्रतीमागे ५० रुपये देऊन शंभर जादा प्रती मागते, आणि तेवढ्याने इतर विक्रीला धक्का पोहोचत नाही, असे समजा. सरासरी पाहणारा प्रकाशक ही मागणी नाकारील. पण त्या शंभर प्रतींवर होणारा खर्च ४,१०० आणि येणारी रक्कम ५,००० रुपये आहे. अक्षरजुळणीचे पैसे आधीच खर्ची पडलेले असतात. विकलज घेताना स्थिर रक्कम नाहीशी होते, ती याच कारणाने. मात्र सगळ्याच हजार प्रती ४० रुपयांना विकल्या तर प्रकाशक २०,००० रुपयांनी बुडेल. सीमांत खर्च पुढचे पाऊल टाकावे की नाही हे सांगतो. सगळा प्रवास परवडला की नाही हे सांगत नाही.

कूर्नोने याच युक्तीचा उपयोग मक्तेदारीच्या विवेचनात केला. प्रथम त्याने असा मालक कल्पिला, ज्याच्याकडे औषधी गुणांच्या पाण्याचा एकमेव झरा आहे आणि ज्याला खर्च काहीच नाही. मग दुसरा कल्पिला : तसेच पाणी कृत्रिम रीतीने तयार करण्याचे गुपित ज्याला ठाऊक आहे, पण ज्याला कच्चा माल आणि मजुरी यांवर खर्च करावा लागतो. किंमत p असताना मागणी D असेल, तर दुसऱ्याचा नफा महत्तम होण्याची अट त्याने अशी मांडली :

D + (dD/dp)(p − φ′(D)) = 0

या समीकरणात φ कुठेच नाही, फक्त φ′ आहे. त्यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो, आणि कूर्नोने तो काढलाही : मक्तेदारावर ठरावीक एकरकमी कर बसवला तर त्याचा नफा घटेल, पण तो किंमत बदलणार नाही. नगागणिक कर बसवला, तर मात्र φ′ वाढतो आणि किंमतही हलते.

यात एक अडचण आहे. पुस्तके एकेक मोजली जातात. अर्धी प्रत छापता येत नाही. मग पाऊल शून्याकडे न्यायचे कसे? कूर्नोला ही शंका मागणीच्या संदर्भात जाणवली होती. त्याचे उत्तर असे की बाजार जितका विस्तृत, तितके लहान लहान फरक एकमेकांत मिसळून फलन सलग होत जाते. मोठ्या बाजारापुरते हे उत्तर पटते. पण बांधणारा जर पाचशे प्रतींचाच गठ्ठा स्वीकारत असेल, तर हजारावी आणि हजार एकावी प्रत यांच्यामध्ये नव्या गठ्ठ्याचा संपूर्ण खर्च उभा राहतो. अशा जागी डावीकडचा दर आणि उजवीकडचा दर पाऊल कितीही लहान केले तरी जुळत नाहीत. हीच ओळखण्याची खूण : दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र येत नसतील, तर तिथे सीमा नाही, आणि सीमांत खर्चाचा एक आकडा सांगणे निरर्थक आहे.

पुस्तकाला वाचक मिळाले नाहीत, तेव्हा कूर्नोने १८६३ साली तोच विषय समीकरणे गाळून पुन्हा लिहिला. तो १८७७ साली वारला. पुढे वालरास याने त्याचे ऋण मान्य केले आणि मार्शलने १८९० सालच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचे नाव आदराने घेतले. 'मार्जिनल' हे विशेषण इंग्रजीत रुळले ते याच सुमारास.

मराठीत मार्जिन म्हणजे पानाचा समास. परिभाषाकारांनी तो शब्द न घेता 'सीमांत' घेतला, आणि नकळत एक सोय झाली. 'सीमेवरचा शेवटचा नग' हा अर्थ त्यात आहे, तसाच 'सीमा घेऊन मिळालेला' हाही अर्थ त्यात वाचता येतो. पहिला पाठ्यपुस्तकाचा, दुसरा कूर्नोचा. वरच्या उदाहरणात त्या दोघांमध्ये अंतर उरते ते एका पैशाचे.