विजय-टक्केवारी : अर्ध्या विजयाची पद्धत

साखळी स्पर्धेच्या गुणतक्त्यात एखाद्या संघाने खेळलेल्या सामन्यांपैकी किती जिंकले, हे शेकड्यात सांगणारा आकडा. बरोबरीत सुटलेला सामना या पद्धतीत अर्धा विजय आणि अर्धा पराभव धरतात. जिंकलेल्या सामन्यांत बरोबरीच्या सामन्यांची निम्मी संख्या मिळवायची, बेरजेला एकूण सामन्यांनी भागायचे आणि शंभराने गुणायचे. संगणकावरच्या तक्त्यात विजय B, पराभव C आणि बरोबरी D या स्तंभांत असतील, तर सूत्र असे लिहितात :

```
=(B2+D2/2)/(B2+C2+D2)*100
```

म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात पुणेरी पलटण या कबड्डी संघाचे घरचे सामने झाले आहेत. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात (2023-24) साखळी फेरीत पलटणने 22 सामने खेळले. त्यांत 17 विजय, 2 पराभव आणि 3 बरोबऱ्या होत्या. तीन बरोबऱ्यांचे दीड विजय धरले की बेरीज साडेअठरा होते आणि टक्केवारी 84.09 येते.

याच कामगिरीचे आणखी दोन आकडे निघू शकतात. बरोबरीला शून्य किंमत दिली, तर 22 पैकी 17 म्हणजे 77.27 टक्के. बरोबरीचे सामने हिशेबातून वगळले, तर 19 पैकी 17 म्हणजे 89.47 टक्के. पहिल्या रीतीत न हरलेला सामना हरल्यासारखा मोजला जातो. दुसऱ्या रीतीत तो सामना झालाच नाही असे धरले जाते. म्हणून विजयाची टक्केवारी छापताना बरोबरी कशी मोजली हे सांगितलेच पाहिजे. एरवी बारा टक्क्यांचा फरक वाचकाच्या नजरेआड राहतो.

अर्ध्या विजयाच्या रीतीचा खरा गुण तिच्या समतोलात आहे. प्रत्येक सामन्यातून दोन्ही संघांना मिळून बरोबर एक विजय वाटला जातो. निकाल लागला तर एक आणि शून्य, न लागला तर अर्धा-अर्धा. त्यामुळे सगळे संघ सारखेच सामने खेळले असतील, तर टक्केवारीची सरासरी नेहमी 50 येते. म्हणून 50 हा आकडा हारजीत समान असल्याची खूण ठरतो. विजयांतून पराभव वजा करा, एकूण सामन्यांच्या दुपटीने भागा, शंभराने गुणा आणि 50 मध्ये मिळवा. उत्तर तेच येते. पलटणचे विजय पराभवांपेक्षा 15 ने जास्त होते. 15 भागिले 44 म्हणजे 34.09 टक्के, आणि त्यात 50 मिळवले की 84.09.

तक्ता तपासायलाही हा समतोल उपयोगी पडतो. त्या हंगामात 12 संघ होते आणि साखळीत 132 सामने झाले. सगळ्या संघांच्या ‘विजय अधिक निम्मी बरोबरी’ या आकड्यांची बेरीज 132 च यायला हवी. ती अर्ध्या विजयाने कमी आली, तर बहुधा एखादी बरोबरी एकाच संघाच्या खात्यात नोंदली गेली आहे. बरोबरीच्या स्तंभाची बेरीज विषम आली, तर नोंदीत चूक आहे हे नक्कीच, कारण प्रत्येक बरोबरी दोन खात्यांत जाते.

स्पर्धेचे गुण आणि ही टक्केवारी यांत गल्लत करू नये. प्रो कबड्डीत त्या हंगामात विजयाला 5, बरोबरीला 3 आणि सात किंवा कमी गुणांनी झालेल्या पराभवाला 1 गुण होता. म्हणजे तिथे बरोबरीची किंमत विजयाच्या तीन पंचमांश, निम्म्याहून जास्त. गुजरात जायंट्स आणि हरियाणा स्टीलर्स या दोघांचेही 70 गुण झाले. गुजरातचे 13 विजय, 9 पराभव. हरियाणाचे 13 विजय, 8 पराभव आणि एक बरोबरी. अर्ध्या विजयाच्या हिशेबाने हरियाणा 61.36 आणि गुजरात 59.09. गुजरातने थोडक्यात हरलेल्या पाच सामन्यांचे पाच गुण मिळवून ही तूट भरून काढली होती. याउलट आयपीएलमध्ये विजयाला 2 आणि निकाल न लागलेल्या सामन्याला 1 गुण मिळतो. तिथे मिळालेले गुण शक्य असलेल्या गुणांनी भागले, की अर्ध्या विजयाची टक्केवारीच हाती येते.

सगळे संघ सारखेच सामने खेळले असतील, तर टक्केवारीची फारशी गरज नसते. ती लागते सामन्यांची संख्या कमी-जास्त असते तेव्हा. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत हे नेहमीच घडते. मावळातल्या गहुंजे मैदानावर 24 ते 26 ऑक्टोबर 2024 या दिवसांत भारत न्यूझीलंडकडून 113 धावांनी हरला आणि 2012 नंतर प्रथमच मायदेशातली कसोटी मालिका गमावली. त्या आवर्तनात भारताचे तोवर 12 कसोट्यांत 8 विजय, 3 पराभव आणि एक अनिर्णित सामना होता. गहुंज्यानंतर सामने 13 आणि पराभव 4 झाले. अर्ध्या विजयाने मोजले, तर भारत 70.83 वरून 65.38 वर आला. ऑस्ट्रेलियाची नोंद त्या दिवशी 8-3-1 अशीच, म्हणजे 70.83 होती. या हिशेबाने ऑस्ट्रेलिया पुढे गेला असता.

अधिकृत तक्त्यात मात्र भारतच वर राहिला : भारत 62.82, ऑस्ट्रेलिया 62.50. कसोटी अजिंक्यपदात विजयाला 12, टायला 6 आणि अनिर्णित सामन्याला 4 गुण असतात. मिळालेले गुण शक्य असलेल्या गुणांच्या शेकड्यात मांडले जातात. म्हणजे टाय हा अर्धा विजय, पण अनिर्णित सामना विजयाचा फक्त तिसरा हिस्सा. मराठीत ‘बरोबरी’ हा शब्द दोन्हींसाठी सैलपणे वापरला जातो. इथे तो चालत नाही. तरी क्रम उलटण्याचे कारण हा तिसरा हिस्सा नव्हता, कारण दोघांचाही एकेकच सामना अनिर्णित होता. षटकांची गती कमी राखल्याबद्दल ऑस्ट्रेलियाचे 2023 च्या मँचेस्टर कसोटीत 10 गुण कापले गेले होते, भारताचे सेंच्युरियनला 2. ही कपात नसती, तर अधिकृत रीतीनेही ऑस्ट्रेलिया 69.44 आणि भारत 64.10 असता. शिस्तीचा दंड गुणांत कापला की टक्केवारी केवळ हारजितीची राहत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक दिसत नाही.

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत 1972 पासून अर्ध्या विजयाची रीत आहे. त्याआधी बरोबरीचे सामने वगळत. तिथे आकडा शेकड्यात न देता तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. 2021 च्या हंगामात पिट्सबर्गचे 9 विजय, 7 पराभव आणि एक बरोबरी होती; लॉस एंजेलिस चार्जर्सचे 9 विजय आणि 8 पराभव. पिट्सबर्ग .559, चार्जर्स .529. डेट्रॉइटशी 16-16 असा सुटलेला तो एक सामना पिट्सबर्गला बाद फेरीत नेण्यास पुरला.

पावसाने चेंडूही न टाकता रद्द झालेला सामना बरोबरी धरायचा की नाही, हे स्पर्धेच्या नियमांत आधीच लिहिलेले असावे लागते. तो अर्धा विजय धरला, तर प्रत्येक संघाची टक्केवारी 50 कडे सरकते. वर असलेला संघ खाली येतो, खाली असलेला वर जातो. 4 विजय आणि एक पराभव असलेला संघ 80 टक्क्यांवर असतो. एक रद्द सामना अर्धा विजय म्हणून मिळवला की तो 75 वर येतो, तेही मैदानात पाऊल न टाकता. आठ-दहा दिवसांच्या छोट्या स्पर्धेत एवढ्या फरकाने उपांत्य फेरी हुकते. म्हणून असा सामना एकूण संख्येतूनच काढून टाकणे अधिक न्याय्य. बरोबरीची निम्मी किंमत ज्यात दोन्ही संघ खेळले त्या सामन्यालाच द्यावी.