डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस
समान कार्य करणाऱ्या शाखांची सापेक्ष कार्यक्षमता मोजण्याची गणितीय पद्धती. तिचा पाया एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये घातला. पुढे अमेरिकेतील ‘फॉलो थ्रू’ या वंचित मुलांच्या शिक्षणयोजनेत वाचन, गणित व आत्मसन्मान या फलितांना बाजारभाव नसल्याने तुलना अडली. म्हणून चार्न्स, कूपर व रोड्स यांनी १९७८ मध्ये प्रत्येक घटकाला स्वतःस सर्वांत अनुकूल भार निवडू दिले. मात्र त्याच भारांनी कोणाचेही फलितांचे साधनांशी गुणोत्तर १ हून अधिक होता कामा नये. छेद १ धरला की हा रेषीय प्रोग्रॅमिंगचा प्रश्न बनतो. तो प्रत्येक घटकासाठी स्वतंत्रपणे सोडवितात. गुणांक ०·८ आल्यास तेवढेच फलित ८० टक्के साधनांत शक्य होते, असे इतर घटकांवरून ठरते. घटक थोडे व मापे पुष्कळ असल्यास बहुतेकांचा गुणांक १ येऊन तुलना निरर्थक होते.