घशाला चित्र नाही

मराठी अंकलिपीत 'आ' या अक्षरासमोर आईचे चित्र असते. लुगडे किंवा साडी नेसलेली एक बाई, बहुधा कडेवर मूल. आपल्यापैकी कोणीही त्या चित्राकडे पाहून 'बाई' किंवा 'मूल' असे वाचलेले नाही. कारण चित्रातून आपण 'आई' हा शब्द शिकत नव्हतो, तो आधीच आपल्या तोंडी होता. त्या शब्दाच्या आधाराने आपण अक्षर शिकत होतो. आता हेच पान मराठीचा गंधही नसलेल्या चाळिशीतल्या माणसापुढे ठेवा. त्याला आईही ठाऊक आहे आणि बाईही. त्याला हवा आहे तो शब्द, आणि या चित्रातून नेमका कोणता शब्द उचलायचा हे चित्र सांगत नाही.

साक्षरतेतले चित्र आणि भाषाशिक्षणातले चित्र यांत हा मूळ फरक आहे. गेल्या काही वर्षांत प्रौढांना परभाषा शिकवताना इमोजी सर्रास वापरले जाऊ लागले आहेत, आणि हा फरक तिथे बहुतेक वेळा विसरला जातो. मुंबईत परराज्यांतून आलेल्या परिचारिकांना मी काही काळ संध्याकाळी मराठी शिकवत असे. त्या वर्गातल्या निरीक्षणांमुळे मी या प्रश्नाच्या इतिहासाकडे वळलो. चित्राने शब्द शिकवणे ही कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या मर्यादा तिच्या जनकांना आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या, असे माझे मत झाले आहे.

१६५८ साली न्यूरेंबर्ग येथे योहान आमोस कोमेनियस याचे 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी, दीडशे प्रकरणे आणि प्रत्येक प्रकरणावर एक चित्र. ते मुलांसाठी होते, पण त्यातली युक्ती कोणत्याही वयाला लागू पडते. कोमेनियसने सुट्या वस्तूंची चित्रे दिली नाहीत. त्याने प्रसंग दिला आणि चित्रातल्या एकेका भागावर आकडे घातले. तेच आकडे खालच्या वाक्यांतल्या शब्दांवर होते. त्यामुळे शिकणाऱ्याला वस्तू आणि तिचे नाव यांचा मेळ अंदाजाने घालावा लागत नसे. शिवाय तो शब्द वाक्यातच भेटत असे. आत्म्यासाठी मात्र कोमेनियसलाही ठिपक्यांनी रेखलेल्या माणसाच्या आकृतीवर भागवावे लागले.

दुसरा टप्पा विसाव्या शतकातला. सी. के. ऑग्डेन याने १९३० मध्ये ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. तिच्यातली सहाशे नामे त्याने दोन गटांत विभागली होती. चारशे सर्वसाधारण आणि दोनशे चित्रांकित, म्हणजे ज्यांचे चित्र काढता येते अशी. ही विभागणी वाचनीय आहे. सफरचंद, पूल, कात्री, छत्री चित्रांकित गटात आहेत. आई, पाणी, दूध आणि तांदूळ मात्र सर्वसाधारण गटात आहेत. पाण्याचे चित्र काढता येत नाही असे नाही, पण पेला काढला तर पेला दिसतो आणि नदी काढली तर नदी. आईचे चित्र काढले तर बाई दिसते. अंकलिपीतल्या त्या चित्राची अडचण ऑग्डेनने यादीतच नोंदवून ठेवली होती.

याच काळात व्हिएन्नाचा ऑटो नॉयरात आणि त्याचा चित्रकार सहकारी गेर्ड आर्न्ट्झ यांनी एक चित्रचिन्हपद्धती घडवली. पुढे तिला 'आयसोटाइप' हे नाव मिळाले. आज विमानतळावर आणि रेल्वे स्थानकात दिसणाऱ्या चिन्हांच्या घराण्यातला हा एक मोठा पूर्वज. नॉयरातने ऑग्डेनच्या इंग्रजीसाठी १९३७ मध्ये 'बेसिक बाय आयसोटाइप' हे पुस्तकही केले. पण ही चित्रभाषा स्वतंत्र भाषा नसून साहाय्यक भाषा आहे, असे तो स्वतःच म्हणत असे. पुढे आय. ए. रिचर्ड्स आणि क्रिस्टीन गिब्सन यांनी काड्यांच्या माणसांची चित्रे वापरून इंग्रजीची पाठ्यपुस्तके केली. त्यांनी एका क्रियेला एक चित्र दिले नाही, तर चित्रांची मालिका दिली. माणूस टोपी उचलणार आहे, उचलतो आहे, त्याने उचलली. क्रियापद चित्रात मावत नाही, दोन चित्रांमधल्या फरकात मावते, हे त्यांनी ओळखले होते.

आता इमोजींकडे येऊ. हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजी 'इमोशन'शी त्याचे साम्य योगायोगाचे आहे. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता याने एका जपानी मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रे केली, प्रत्येक बारा बाय बारा ठिपक्यांत. छोट्या संदेशात हवामान, वाहन, मनःस्थिती थोडक्यात कळवणे हे त्यांचे काम. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींना आपल्या मानकात घेतले आणि ते जगभर पसरले. म्हणजे ही चित्रे वस्तूंना नावे देण्यासाठी जन्मलीच नाहीत. ती बोलण्याचा सूर दाखवायला आली, आणि त्यांच्यामागे जपानी घर, जपानी शाळा, जपानी जेवण उभे होते. पांढऱ्या फुलाचा एक इमोजी आहे. जपानी शिक्षक उत्तम उत्तरावर उमटवतात त्या शाबासकीच्या शिक्क्याचे ते चित्र. आपल्याला ते नुसते फूल दिसते. नाकातून फुगा आलेला चेहरा जपानी चित्रकथांत झोपेचा असतो, आपल्याकडे तो रडका किंवा सर्दीने बेजार वाटतो. उलट आपला आंबा या संचात २०१८ मध्ये आला आणि कांदा, पणती, साडी व रिक्षा २०१९ मध्ये. त्याआधीच्या शिक्षकाला कांदा दाखवायचा तर बाजारातूनच आणावा लागे.

माझ्या वर्गातले उदाहरण सविस्तर पाहू. परिचारिकांना पहिल्या आठवड्यात हवे होते ते रुग्णाच्या तक्रारीचे शब्द. इथे काही इमोजी उत्तम चालले. हिरवा पडलेला चेहरा आणि तोंडातून ओकणारा चेहरा शेजारी ठेवले की 'मळमळ' आणि 'उलटी' हे दोन शब्द मिनिटभरात पक्के होत. तोंडात तापमापक धरलेला चेहरा म्हणजे 'ताप', यातही कोणाचे दुमत झाले नाही. ही चित्रे यशस्वी का झाली? कारण ती जोडीने किंवा एखाद्या ठळक खुणेने बोलत होती. शिंकणाऱ्या चेहऱ्यापाशी मात्र वर्ग फुटला. कोणी शिंक म्हटले, कोणी सर्दी, कोणी रडणे.

यावरून मी एक साधी चाचणी ठरवली. मराठी शब्द सांगण्याआधी प्रत्येकीने इमोजी पाहून मनात आलेला शब्द आपापल्या भाषेत कागदावर लिहायचा, मग अर्थ सांगायचा. सगळ्यांची उत्तरे जुळली तर ते चित्र त्या शब्दासाठी वापरायचे. जुळली नाहीत तर ते बाजूला ठेवायचे, कितीही आकर्षक असले तरी.

खरी अडचण शरीराच्या शब्दांत आली. इमोजींमध्ये पाऊल वेगळे आहे आणि पाय वेगळा आहे. मराठीत रुग्ण दोन्हींना पायच म्हणतो. उलट जिथे मराठीला तीन शब्द लागतात तिथे इमोजी गप्प आहे. मान, गळा आणि घसा. मान अवघडते, गळ्यात माळ असते, आणि घसा आतून दुखतो किंवा बसतो. 'मान दुखते' आणि 'घसा दुखतो' या दोन तक्रारींवर होणारे उपचार वेगळे आहेत, म्हणून ही चूक वर्गापुरती राहत नाही. ऑग्डेनने घसा, मान, गुडघा आणि पोट हे चारही शब्द चित्रांकित दोनशेत घातले होते. इमोजींच्या संचात यांपैकी एकाचेही स्वतंत्र चित्र नाही. आणि असते तरी चित्राने बाहेरची त्वचा दाखवली असती, आतली जळजळ नाही. तिथे मी इमोजी सोडून दिले. मान हाताने चोळून, गळ्याभोवती बोट फिरवून, घोट गिळताना तोंड वाकडे करून तीन वाक्ये म्हटली आणि तीच प्रत्येकीकडून म्हणून घेतली. वेदनेच्या जातीही अशाच. कळ, चमक, ठणका, मुरडा, आग यांना एकच कण्हणारा चेहरा पुरत नाही.

याहून सूक्ष्म अडचण मराठीच्या रचनेची आहे. इमोजीने शिकलेला शब्द मूळ रूपातच लक्षात राहतो. 'घसा' पाठ झाला, पण रुग्ण म्हणतो 'घशात टोचतंय'. 'गुडघा' पाठ झाला, पण कानावर येते 'गुडघ्याला सूज आहे'. 'दूध' येते 'दुधात' होऊन. सामान्यरूपाचे चित्र निघत नाही. लिंगाचेही नाही. खुर्चीच्या चित्रात 'माझी' दडलेले नाही, आणि पुस्तकाच्या चित्रात हिंदीतून आलेल्या विद्यार्थिनीला ते मराठीत नपुंसकलिंगी असल्याचा पत्ता लागत नाही. म्हणून आठवड्याभराने मी दुसरी चाचणी घेत असे. चित्र न दाखवता विभक्तीसह वाक्य ऐकवायचे आणि शरीराच्या त्या भागाला हात लावायला सांगायचे. चित्र पाहून झटकन शब्द सांगणाऱ्या कित्येकजणी इथे थबकत. शब्द आला आहे की चित्राचे नाव आले आहे, हे असे कळते.

क्रियापदांचे तर विचारूच नका. धावणारा माणूस आणि त्याच्या उजवीकडे घर, 🏃🏠 असे लिहिले तर तो घरी जातो आहे की घरातून निघाला आहे? हा धावणारा बहुतेक फोनवर डावीकडे तोंड करून असतो, म्हणजे घराकडे त्याची पाठ. उर्दू लिपीत वाढलेली व्यक्ती हीच चित्रे उजवीकडून वाचू शकते. २०२३ मध्ये उजवीकडे तोंड असलेला धावणारा मानकात आला, त्याने दिशेचा प्रश्न हलका झाला. 'जातो', 'गेला', 'जाईल', 'जायचंय' यांचा प्रश्न आहे तिथेच राहिला. देणे आणि घेणे यांच्यात तर दिशाच सगळा अर्थ आहे.

मागे वळून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. कोमेनियसने चित्राला आकडा आणि वाक्य दिले, ऑग्डेनने चित्राबाहेरच्या शब्दांची सीमा आखली, रिचर्ड्स-गिब्सननी चित्राला काळ दिला. इमोजीजवळ यांपैकी काहीच नाही, कारण त्याला ते कधी मागितलेच गेले नव्हते. शिक्षकाने हे सारे बाहेरून पुरवले तर तो खडूइतकाच उपयोगी आहे. मळमळ आणि उलटी तो शिकवील. घसा आपल्यालाच शिकवावा लागेल, आणि तोही 'घशात'पर्यंत नेऊन.