चमच्याचे गणित : जुलाब-उलटीत ओआरएस

माळेगाव बुद्रुकच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. अशाच एका कोपीतले दीड वर्षाचे, 10 किलोचे मूल उदाहरणादाखल घेऊ. सकाळपासून त्याला सहा पातळ जुलाब आणि तीन उलट्या झाल्या आहेत. डोळे खोल गेले आहेत. ते सारखे किरकिरते आणि पाण्याचे भांडे दिसताच झडप घालते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. याचा अर्थ अंगातले पाणी बरेच कमी झाले आहे, पण तोंडाने भरून काढता येईल इतकेच.

आई म्हणते, "पाजलं की ओकतंय, मग पाजू कशाला?" सगळी अडचण या प्रश्नात आहे. जुलाबात आतडे बिघडले तरी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेण्याची त्याची व्यवस्था बहुधा शाबूत राहते, आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून वाचवले, ते याच जोरावर.

या अवस्थेत किलोमागे 75 मिली ओआरएस चार तासांत द्यायचे असते. आपल्या मुलाला 750 मिली, म्हणजे पाच मिलीचे दीडशे चमचे. साधारण दीड मिनिटाला एक चमचा झाला. वाटी तोंडाला लावली की मूल घटाघटा पिते आणि ओकते; चमच्याने पोट ताणले जात नाही. तरी उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबून, मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असे पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध मध्ये चालूच ठेवावे.

खरी चूक पुडी कालवताना होते. एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात टाकली तर मीठ धोकादायक वाढते. म्हणून पुडीवर लिहिलेलेच माप घ्यावे, उकळून गार केलेले पाणी वापरावे आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. गोड सरबत किंवा डब्यातले फळपेय ओआरएसऐवजी चालत नाही. जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते.

चार तासांनी मूल पुन्हा तपासावे. सुधारले असेल तर दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली द्यावे, आणि जुलाब थांबले तरी झिंकची 20 मिलीग्रॅमची गोळी रोज एक, 14 दिवस चालू ठेवावी.

मात्र मूल निपचित पडले, पिऊच शकत नसेल, प्रत्येक घोट ओकत असेल किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये. 108 ला फोन करून त्याला तडक बारामतीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. मूल शुद्धीवर असून गिळत असेल, तर वाटेतही चमचा चालू ठेवावा.